रात्री तीनची चिवचिव

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे बर्मिंगहॅमला धाकट्या भावाकडे गेलो होतो. अम्मी दीड वर्षापासून तिथेच आहेत. घर भाड्याचे, विटांच्या लांबलचक रांगेतले. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि त्याच्याही वर माळ्याची एक छोटी खोली. ती आम्हाला दिलेली.

दुसऱ्याच रात्री तीनच्या सुमारास जाग आली. कुठेतरी पक्ष्याच्या पिल्लाने एकदाच चोच उघडावी तसा आवाज झाला आणि थांबला. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तसाच. आम्ही जिन्यावर आलो तर भाऊ खालच्या बोळात खुर्चीवर चढून छताला लावलेली पांढरी डबी उघडत होता. त्याने आतली बॅटरी काढली, स्वयंपाकघरातल्या खणात टाकली आणि म्हणाला, "आपा, झोपा आता. सकाळी नवीन आणतो."

आवाज बंद झाला नाही. भावाला वाटले, डबीत थोडा करंट उरला असेल. उजाडले, घर गरम करणारी यंत्रणा सुरू झाली आणि चिवचिव आपोआप थांबली. दिवसभराच्या गडबडीत बॅटरी आणायची राहून गेली. रात्री तीनला पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही हे प्रकरण शेवटपर्यंत न्यायचे ठरवले. त्या तासाभरात जे कळले, ते या लेखात मांडत आहोत. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले, सुना, भाऊ-बहिणी इंग्लंड, अमेरिका, कॅनडात आहेत. तिथे बहुतेक घरांच्या छताला ही डबी असते. आपण महिना-दोन महिने राहायला जातो, स्वयंपाक करतो, नातवंडे सांभाळतो. पण डबी काय म्हणते आहे, ते आपल्याला कळत नाही.

चिवचिव म्हणजे आग नव्हे

स्मोक अलार्मचे दोन आवाज वेगळे ओळखायला हवेत. धूर लागला की तो सतत, कानठळ्या बसतील असा ओरडतो आणि धूर असेपर्यंत थांबत नाही. तो आवाज आला की बाहेर पडायचे. दुसरा आवाज म्हणजे ही चिवचिव. एकच छोटा टिपका, मग तीस-चाळीस सेकंद किंवा मिनिटभर शांतता, मग पुन्हा टिपका. त्याचा अर्थ घरात धूर आहे असा नसतो. अलार्म स्वतःच्या तब्येतीची तक्रार करत असतो. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. कधी डबीचे आयुष्य संपलेले असते, तर कधी आत धूळ किंवा बिघाड असतो.

ही तक्रार रात्रीच का सुरू होते? अलार्म ठरावीक वेळाने आपल्या बॅटरीवर थोडा भार टाकून तिचा दाब तपासतो. दाब एका मर्यादेखाली गेला की तो चिवचिवतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उतरत आलेल्या बॅटरीचा दाब दिवसा त्या मर्यादेच्या जेमतेम वर असतो. इंग्लंडमध्ये रात्री घराची उष्णता बंद करून झोपतात. पहाटेपर्यंत घर पुरते गार होते, दाब मर्यादेखाली घसरतो आणि चिवचिव सुरू होते. सकाळी घर तापले की दाब थोडा चढतो आणि आवाज थांबतो. म्हणून दिवसा शांतता असली तरी "बरा झाला" असे समजू नये. ती बॅटरी संपत आली आहे, एवढेच खरे. साधारणपणे चिवचिव सुरू झाल्यावर महिनाभर अलार्म तग धरेल अशी त्याची रचना असते. ही मुदत बॅटरी आणायला दिलेली आहे, आवाजाची सवय करून घ्यायला नव्हे.

आवाज कुठून येतो?

भावाची पहिली चूक इथेच झाली होती. घरात तीन अलार्म होते. एक खालच्या बोळात, एक वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आणि एक आमच्या माळ्याच्या खोलीत. त्याला आवाज खालून आल्यासारखा वाटला, म्हणून त्याने खालची बॅटरी काढली.

हा आवाज शोधणे खरेच कठीण असते. तो फार उंच पट्टीचा असतो आणि क्षणभरच टिकतो. आवाजाची दिशा कळायला आपल्या कानांना थोडा वेळ आणि निरनिराळ्या पट्ट्यांचे मिश्रण लागते. एकाच पट्टीतला क्षणभराचा टिपका भिंतींवर आपटून सगळीकडून आल्यासारखा वाटतो. चालत चालत शोधले तर हमखास फसगत होते.

आम्ही शाळेतली शिस्त वापरली. तिघे जण तीन अलार्मखाली उभे राहिलो आणि कोणी बोलायचे नाही असे ठरवले. हातात मोबाइलचे घड्याळ. दोन मिनिटांत तीन टिपके झाले आणि तिन्ही वेळा वरच्या मजल्यावर उभ्या असलेल्या भावजयीने हात वर केला. तिच्या डोक्यावरच्या डबीतला लाल दिवाही टिपक्याबरोबर लुकलुकत होता.

माणसे कमी असतील तर प्रत्येक अलार्मखाली दोन-दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. तिथेही उलगडा झाला नाही तर बॉयलरजवळ लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहावा. तोही असाच चिवचिवतो. आणि कपाटे, खण विसरू नयेत. जुना काढून ठेवलेला अलार्म कपड्यांच्या ढिगातून चिवचिवत राहतो आणि घरचे छताकडे पाहत बसतात.

बॅटरी बदलताना

खालचा अलार्म निर्दोष होता. बिचाऱ्याची बॅटरी मात्र दोन रात्री खणात पडून होती. ती काढल्यावर खाली बोळात, म्हणजे स्वयंपाकघर आणि जिना यांच्या मधोमध, पहारा राहिला नव्हता.

शिवाय ती खणात किल्ल्या, सुट्टी नाणी आणि भांडी घासायच्या तारेच्या घासणीसोबत पडली होती. या चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोके वरच्याच बाजूला, शेजारी शेजारी असतात. एखादी किल्ली आडवी पडली की दोन्ही टोके जोडली जातात, बॅटरी तापते आणि आसपास कागद किंवा बारीक तार असेल तर ठिणगी पडू शकते. उतरलेल्या बॅटरीतही एवढी ताकद शिल्लक असते. म्हणून काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर लगेच चिकटपट्टी लावावी आणि ती कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या जमा करण्याच्या पेटीत टाकावी. इंग्लंडमध्ये मोठ्या किराणा दुकानांत अशी पेटी असते.

बॅटरी बदलण्याची रीत सोपी आहे. मजबूत स्टूल घ्यावे आणि ते कोणाला तरी धरायला सांगावे. फिरत्या खुर्चीवर चढू नये. काही डब्यांना झाकण असते, काही घड्याळाच्या उलट दिशेने थोड्या फिरवल्या की पट्टीतून सुटतात. जुनी बॅटरी काढल्यावर तपासणीचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. आत उरलेला करंट निघून जातो आणि नवीन बॅटरी घातल्यावर जुनीच चिवचिव चालू राहण्याचा प्रकार टळतो. मग नवीन बॅटरी टोकांवर टिचकी बसेपर्यंत दाबावी. अनेक डब्यांत एक छोटी पट्टी असते. बॅटरी नसेल तर ती आडवी येते आणि झाकण लागत नाही. रिकामी डबी चुकूनही बंद होऊ नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यावर जोर करू नये.

कोणती बॅटरी घालायची ते डबीच्या आत किंवा माहितीपत्रकावर लिहिलेले असते. साधारणपणे अल्कलाइन किंवा लिथियम. स्वस्तातली साधी बॅटरी लवकर उतरते. चार्ज करून वापरायची बॅटरी इथे घालू नये. ती शेवटपर्यंत बरी वाटते आणि मग एकदम बसते. चिवचिवून इशारा द्यायलाही वेळ मिळत नाही. मुलांच्या खेळण्यातून काढलेली तर नकोच. नवीन बॅटरीवर मार्करने तारीख लिहून ठेवावी आणि वर्षाने, चिवचिव होवो न होवो, बदलावी.

झाकण लावले म्हणजे काम संपत नाही. बटण दाबून पूर्ण मोठा आवाज ऐकल्यावरच स्टुलावरून उतरावे.

काही घरांत अलार्म विजेच्या जोडणीवर चालतो आणि आत पर्यायी बॅटरी असते. त्यावर हिरवा दिवा दिसतो. वीज आहे तरी का चिवचिवतो, असे लोक विचारतात. कारण ती आतली बॅटरी उतरलेली असते. अशा अलार्मला हात लावण्यापूर्वी त्याचा विजेचा बटणपट्टा बंद करावा. काही डब्यांत ही बॅटरीसुद्धा आतच बंद केलेली असते. तसे असेल तर काम इलेक्ट्रिशियनचे.

न उघडणारी डबी

आता वरच्या मजल्याचा खरा गुन्हेगार. भाऊ स्टुलावर चढला, डबी फिरवून काढली आणि बॅटरीचे झाकण शोधू लागला. झाकण नव्हतेच. त्याने चाकू मागितला तेव्हा आम्ही त्याला खाली उतरवले.

ही डबी दहा वर्षे चालणारी, आतच बॅटरी बंद केलेली असते. आत लिथियमची बॅटरी असते आणि ती बदलता येत नाही. पट्टीवर फिरवून बसवली की बऱ्याच डब्यांत बॅटरी आपोआप जोडली जाते. पुढे बॅटरी बदलायची भानगड नाही. मुदत संपली की संपूर्ण डबी काढायची आणि नवीन लावायची.

अशी डबी का निघाली, याचे उत्तर भावाने पहिल्या रात्री जे केले त्यातच आहे. माणूस झोपमोडीला कंटाळून बॅटरी काढतो किंवा टीव्हीच्या रिमोटला हवी म्हणून काढतो, आणि परत घालायचे राहून जाते. बॅटरी काढताच आली नाही तर ती विसरण्याचा प्रश्न उरत नाही. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून सर्व घरांत एकमेकांशी जोडलेले अलार्म हवेत असा नियम झाला. तिथे बॅटरीवरचा अलार्म असेल तर तो अशाच बंद डबीचा लागतो. न्यूयॉर्क राज्यातही २०१९ पासून बॅटरीवर चालणारे नवे अलार्म दहा वर्षांच्या बंद डबीचेच विकायचे असा कायदा आहे.

पण दहाच वर्षे का? बॅटरी हे एक कारण आहे, पण दुसरे जास्त महत्त्वाचे आहे. बहुतेक घरगुती अलार्ममध्ये आत एक काळी पोकळी असते. तिच्यात प्रकाशाचा एक छोटा दिवा आणि प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. दोघे समोरासमोर नसतात, त्यामुळे एरवी दिव्याचा प्रकाश डोळ्यावर पडत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, काही डोळ्यावर पडतो आणि अलार्म ओरडतो. वर्षानुवर्षे त्या पोकळीत धूळ, तेलकट वाफ आणि बारीक किडे साठतात. दिवा आणि डोळा दोन्ही मंदावतात. मग अलार्म विनाकारण ओरडतो किंवा ओरडायला हवा तेव्हा उशीर करतो. म्हणून बॅटरी बदलता येणाऱ्या अलार्मचीही दहा वर्षांची मर्यादा असते. नवी बॅटरी घातली म्हणून जुना डोळा तरुण होत नाही.

ही दहा वर्षे आपण विकत घेतल्याच्या दिवसापासून मोजायची नसतात. डबी उतरवून मागे किंवा कडेला पाहिले की उत्पादनाची तारीख किंवा बदलण्याची तारीख छापलेली असते. आमच्या हातातल्या डबीवर उत्पादनाची तारीख होती मे २०१४. मे २०२४ मध्येच तिची मुदत संपली होती. नोव्हेंबर उजाडला होता आणि बिचारी पहाटे पहाटे हाका मारत होती. भावाने तपासणीचे बटण दाबले. मोठा आवाज आला नाही, नुसती घरघर झाली.

अशी डबी फेकण्यापूर्वी कायमची बंद करावी लागते, नाहीतर ती कचऱ्याच्या पेटीतून चिवचिवत राहते. बऱ्याच डब्यांच्या मागे त्यासाठी एक खाच असते. बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती फिरवली की बॅटरी निकामी होते आणि ती परत चालू करता येत नाही. नवीन अलार्म लागल्याशिवाय हे करू नये. डबी फोडू नये, जाळू नये. स्थानिक नगरपालिकेच्या विद्युत कचरा केंद्रात द्यावी.

डबी भाड्याच्या घरातली होती, म्हणून भावाने घरमालकाला लेखी निरोप पाठवला आणि त्या मागच्या तारखेचा फोटो जोडला. इंग्लंडमध्ये घरमालकाने राहण्याच्या प्रत्येक मजल्यावर किमान एक स्मोक अलार्म द्यायचा असतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून, अलार्म बिघडल्याचे कळवल्यावर तो दुरुस्त करणे किंवा बदलणे हीही त्याची जबाबदारी आहे. बॅटरी बदलता येत असेल तर ती भाडेकरूने बदलावी अशी अपेक्षा असते, पण बंद डबी संपली तर ती मालकाची. मालकाचे उत्तर आले, "पुढच्या आठवड्यात पाहतो." तेवढी वाट पाहायची नाही असे आम्ही ठरवले. भाऊ त्याच दुपारी दुकानातून दहा वर्षांची एक डबी घेऊन आला आणि पावती मालकाला पाठवली.

टोपी घातलेला तिसरा

तिसऱ्या अलार्मची गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते, कारण तो आमच्याच डोक्यावर होता. माळ्याच्या खोलीतल्या डबीवर अंघोळीच्या वेळी केसांना घालतात ती प्लास्टिकची टोपी ओढलेली होती. आम्हाला वाटले, धूळ बसू नये म्हणून असेल. भावजयीने सांगितले की गेल्या रमजानमध्ये कोणीतरी त्या खोलीत लोबान जाळला, अलार्म ओरडला आणि इफ्तारच्या घाईत टोपी चढवली गेली. आठ महिने झाले होते.

मग हिशेब मांडला. एकात बॅटरी नाही, एकाची मुदत संपलेली, एक टोपीखाली. घरात तीन अलार्म, झोपणारी सात माणसे आणि दोन रात्री एकही अलार्म कामाचा नाही. चिवचिव झाली नसती तर ते कळलेही नसते.

आपल्या स्वयंपाकात धूर होतोच. लाल मिरचीची फोडणी, तव्यावरचे कबाब, सुकी मच्छी भाजणे. ते आपण सोडणार नाही आणि सोडायची गरजही नाही. स्मोक अलार्म स्वयंपाकघरात लावायचाच नसतो. तिथे उष्णतेवर चालणारा अलार्म लावतात. तो धुराकडे दुर्लक्ष करतो आणि साधारण ५८ अंश सेल्सिअसला वाजतो. स्मोक अलार्म बाहेरच्या बोळात, छताच्या मध्याजवळ, भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान तीस सेंटिमीटर दूर असावा. फोडणीआधी एक्झॉस्ट पंखा लावावा आणि स्वयंपाकघराचे दार लोटावे. तरीही तो ओरडला तर बहुतेक डब्यांवर शांत करण्याचे बटण असते. ते दाबले की अलार्म दहा मिनिटांच्या आसपास गप्प बसतो आणि मग स्वतःच पुन्हा जागा होतो. टोपीला मात्र स्वतःहून उतरता येत नाही. लोबान किंवा अगरबत्ती लावायची तर खिडकी उघडून, अलार्मपासून लांब लावावी.

चांदरात आणि तपासणीचे बटण

अलार्म महिन्यातून एकदा तपासावा असे तिथले अग्निशमन दल सांगते. महिन्यातून एकदा म्हणजे नेमके कधी, हे ठरले नाही तर ते कधीच होत नाही. भावाने फोनवर आठवण लावायचे म्हटले. अम्मी म्हणाल्या, "फोनची आठवण तू बोटाने पुसून टाकशील. चांद दिसला की करा." तेच ठरले. हिजरी महिन्याचा पहिला चांद, मग मगरिब, मग अलार्म. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे तपासणी महिन्यापेक्षा थोडी लवकरच होते. नुकसान काही नाही.

त्या घरात आता हे काम पाच मिनिटांत होते. मगरिबनंतर, म्हणजे सगळे घरी आणि जागे असताना, "तपासणी आहे" असे मोठ्याने सांगायचे, नाहीतर लहान मुले घाबरतात. मग झोपायच्या खोल्यांची दारे लावून घ्यायची, कारण रात्री ती बंदच असतात. एकाने झाडूच्या दांड्याच्या टोकाने पहिल्या डबीचे तपासणीचे बटण आवाज येईपर्यंत दाबून धरायचे. काही डब्यांना काही सेकंद लागतात. आवाज मोठा आणि स्पष्ट हवा. मंद, घरघरता किंवा अडखळता आला तर त्याच दिवशी बॅटरी किंवा डबी बदलायची. मग पुढची डबी. अलार्म एकमेकांशी जोडलेले असतील तर एक दाबल्यावर सगळे वाजले पाहिजेत, म्हणून एकाने घरभर फिरून ऐकायचे.

तपासणी म्हणून काडी ओढून किंवा अगरबत्ती धरून धूर देऊ नये. त्याने आतला डोळा काजळतो आणि प्लास्टिक वितळू शकते. मात्र बटणाची मर्यादाही माहीत असावी. बटण दाबल्याने बॅटरी, भोंगा आणि आतली जोडणी ठीक आहे हे कळते. धूर आत शिरायच्या फटी मोकळ्या आहेत की नाही, हे बटण सांगत नाही. म्हणून वर्षातून दोन-तीनदा व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने डबीच्या कडेच्या फटी साफ कराव्यात. पाणी किंवा फवारा मारू नये. घर रंगवताना डबीवर रंग जाऊ देऊ नये.

पहिल्याच तपासणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. दार लावून आत बसलेल्या अम्मींना वरचा अलार्म ऐकूच आला नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि अलार्मचा आवाज नेमका त्याच पट्टीतला असतो. दोन रात्री घरभर चिवचिव चालू असताना अम्मी शांत झोपल्या होत्या, त्याचे कारण तेव्हा कळले. भावाने अग्निशमन दलाकडे घरभेटीची मागणी केली. इंग्लंडमध्ये वृद्ध किंवा अशक्त माणसे असलेल्या घरांना ते मोफत भेट देतात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी उशीखाली ठेवायची थरथरणारी गादी आणि लखलखणारा दिवा असलेला अलार्म मिळतो.

मुलांचे याउलट असते. त्यांचे कान तीक्ष्ण, पण झोप गाढ. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी झोपलेल्या मुलांवर अलार्मची चाचणी घेतली तेव्हा बहुतेक मुले उठलीच नाहीत. म्हणून "अलार्म वाजला की मुले बाहेर येतील" असे धरून चालू नये. कोणते मूल कोणी उचलायचे, हे तपासणीच्या दिवशीच ठरवावे. भावाच्या घरी आता धाकटीला तो उचलतो, थोरल्याला भावजय जागे करते आणि पुढच्या दाराची किल्ली रात्री कुलुपाजवळच्या खिळ्याला असते.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या घरांत असा अलार्म क्वचितच दिसतो. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत जिन्यात आणि लिफ्टजवळ जे गोल डोळे असतात, ते इमारतीच्या मुख्य यंत्रणेला जोडलेले असतात. ते चिवचिवले किंवा त्यांचा दिवा गेला तर स्वतः उघडू नयेत, सोसायटीला लेखी कळवावे. घरासाठी बॅटरीवरचा अलार्म घ्यायचा असेल तर EN 14604 किंवा UL 217 हे प्रमाणचिन्ह आणि उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावा. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेली डबी तुमच्या घरी सातच वर्षे चालेल.

निजण्यापूर्वी घरातला विस्तव आणि दिवा विझवावा, ही ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आहे. लहानपणी आमच्या घरी अम्मी रोज रात्री चूल पाहून, कंदिलाची वात खाली करून मगच दार लावत. बर्मिंगहॅमच्या घरात चूल नाही आणि कंदीलही नाही. पण गेल्या चांदरातीला भावाचा फोन आला तेव्हा मागे अलार्म वाजत होता आणि अम्मी खोलीतून विचारत होत्या, "झाले का तिन्ही? टोपी कोणी घातली नाही ना?"